दिव्य, शुद्ध, पवित्र सोडून: नैसर्गिक उदबत्तीच्या मालिकेला नाव कसं द्यावं

उदबत्तीच्या पुड्यांवर फिरून फिरून तेच शब्द येतात: दिव्य, शुद्ध, पवित्र, मंगल, अमृत, शांती. हल्ली त्यांच्या जोडीला ऑरा, झेन आणि ब्लिस आलेत. यातला एकही शब्द मुळात वाईट नाही. अडचण एवढीच की हे शब्द आतल्या काडीबद्दल काही सांगत नाहीत. कोळशाच्या भुकटीची कोरी काडी कृत्रिम सुगंधात बुडवून काढली तरी तिच्यावर 'दिव्य' छापता येतं. वाळा, नागरमोथा, राळ कुटून हातानं वळलेल्या मसाला बत्तीवरही तेच छापता येतं. ज्या फरकासाठी तुम्ही एवढा खटाटोप केला, तो नावातच पुसला जातो.

'शुद्ध'चं दुखणं जरा वेगळं आहे. तो नुसता शब्द नाही, दावा आहे. उदबत्ती हे मिश्रणच असतं. त्यात लाकडाची भुकटी, चिकटपणासाठी जिगट, मुळं, राळ, एखादं तेल आणि आत बांबूची काडी असते. अशा मिश्रणात शुद्ध नेमकं काय, असं कुणी विचारलं तर समोर ठेवायला उत्तर हवं. शिवाय 'शुद्ध' वाचलं की चोखंदळ गिऱ्हाईक आधी संशयच घेतं.

इथे चार काड्यांची एक छोटी मालिका धरून चालू. पहिली वाळ्याची, दुसरी राळ आणि गुग्गुळ यांची, तिसरी नागरमोथ्याची आणि चौथी दवण्याची. चारही मसाला बत्त्या, म्हणजे वास पिठातच मळलेला, वरून बुडवलेला नाही. मालिकेला एक नाव हवंय आणि प्रत्येक काडीला आपलं एक.

आधी बाद यादी

कागद घ्या आणि पहिल्या दहा मिनिटांत सुचतील ती सगळी नावं लिहून काढा. त्यातली बहुतेक बाद होणार आहेत, पण ती डोक्यातून बाहेर पडणं गरजेचं आहे. नाहीतर पुढे दर वेळी नवा वेष घेऊन परत येतात: 'दिव्य' गेलं की 'दैवी' येतं, ते गेलं की 'देव' जोडलेलं काहीतरी.

बाद करायची कसोटी सोपी आहे. तुमचं नाव शेजारच्या पुड्यावर चिकटवून बघा. आतला माल न बदलता ते तिथे बिनबोभाट चाललं तर ते तुमचं नव्हे. 'सुगंध', 'परिमळ', 'आनंद', 'प्रसन्न' ही सगळी या कसोटीत पडतात. आपल्याच मालिकेतली दोन नावं एकमेकांशी बदलून बघायलाही विसरू नका. एका काडीचं नाव 'शांती' आणि दुसरीचं 'निवांत' असेल, तर वाळ्याची कुठली आणि दवण्याची कुठली हे दुकानदारालाही पुडा फोडल्याशिवाय कळणार नाही.

इथेच फुलांच्या नावांबद्दल सांगून टाकतो, कारण बाद यादीतून सुटलेला माणूस बहुधा थेट मोगऱ्याकडे धावतो. मोगऱ्याची पाकळी वाळवून पिठात मळली आणि काडी पेटवली, तर येतो तो जळक्या पाचोळ्याचा वास. फुलाचा सुगंध पाकळीतून फार पटकन उडून जातो. वाळवताना, दळताना आणि शेवटी निखाऱ्यापाशी त्यातलं काही उरत नाही. म्हणून बाजारातल्या मोगरा उदबत्तीचा वास बहुतेक वेळा प्रयोगशाळेतून आलेला असतो. नैसर्गिक काडीवर 'मोगरा' लिहिलंत, तर गिऱ्हाईक तिची तुलना त्या वासाशी करणार आणि तुमची काडी हरणार. मुळं, लाकूड आणि राळ यांचा वास जड असतो, आच सोसतो. म्हणून नैसर्गिक मालिकेत त्यांची गर्दी असते आणि नावाचा कच्चा मालही तिथेच सापडतो.

काडी पेटवा आणि लिहा

नावं शब्दकोशात शोधू नका, काडीपाशी बसून शोधा. खोली बंद, पंखा बंद, एका बैठकीला फार तर दोन काड्या. त्याहून जास्त लावल्यात तर नाक मरतं आणि सगळं सारखंच वाटू लागतं. काडी नुकतीच वळलेली नको, पूर्ण वाळलेली आणि मुरलेली घ्या, कारण गिऱ्हाईकाच्या हातात तीच पडणार.

टिपणं पाच वेळा करा: न पेटवता नाकाशी धरून, पेटवल्यावर पहिल्या मिनिटात, काडी अर्धी जळाल्यावर, विझल्यावर तासाभरानं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडताना. नैसर्गिक काडीत या पाच वासांत बराच फरक पडतो. दवणा न पेटवता सुक्या फळासारखा गोडसर येतो, पेटल्यावर कडसर पाल्याकडे झुकतो. नागरमोथा पेटताना साधाच वाटतो, पण दुसऱ्या दिवशी पडद्याला तोच असतो. राळ पहिल्याच मिनिटात खोली भरून टाकते, धूरही भरपूर सोडते. वाळ्याचा वास खाली बसतो, ओल्या मातीच्या अंगानं जातो.

आपण बनवणारे असलो की आपल्याला घटक माहीत असतात आणि नाक तेच ओळखतं. म्हणून तीन-चार बाहेरची माणसं बसवा आणि आत काय आहे ते सांगू नका. 'आवडला का' असंही विचारू नका, त्यावर 'छान आहे' एवढंच येतं. 'कुठं आल्यासारखं वाटतं' आणि 'हा वास आधी कशाला यायचा' हे दोन प्रश्न पुरतात. उत्तरं येतील तशी, त्यांच्याच शब्दांत उतरवा. कुणी 'जुन्या पेटीसारखा' म्हणेल, कुणी 'नदीकाठी बसल्यासारखं', कुणी 'सुताराच्या भुश्यासारखा'. यातली नामं तेवढी गोळा करा, विशेषणं सोडून द्या. पेटी, काठ, भुसा यांतून नाव निघतं. छान, मस्त, फ्रेश यांतून पुन्हा बाद यादीच निघते.

शब्द कुठून आणायचे

टिपणं झाली की प्रत्येक काडीला तीन प्रश्न विचारा. वनस्पती कुठं वाढते? तिचा कुठला भाग वापरतो आणि तो कसा मिळतो? धूर किंवा वास वागतो कसा?

वाळा हे गवत. त्याची मुळं खोल जातात, ओढ्या-नद्यांच्या काठानं ते रुजतं, माती धरून ठेवायला ते बांधावर लावतात. म्हणून हाताशी आले मूळ, बांध, काठ, ओल. राळ आणि गुग्गुळ म्हणजे झाडाच्या सालीतून निघणारा चीक, खाच पडली की तो हळूहळू बाहेर येतो आणि घट्ट होतो. म्हणून पाझर, खाच, ढलपी. नागरमोथा हा लव्हाळ्याच्या जातीचा, त्याच्या जमिनीतल्या गाठी वापरतात. म्हणून लव्हाळी, गाठ. आणि त्या मागे राहणाऱ्या वासावरून रेंगाळ. दवण्याचं तेल फुलोऱ्यावर आलेल्या शेंड्यांतून काढतात. म्हणून तुरा, शेंडा.

मालिकेच्या नावासाठी मात्र घटकांकडे पाहू नका, कारण उद्या पाचवी काडी वेगळ्याच घटकाची असेल. तिथे बनवण्याच्या कामाकडे वळा: कुटणे, चाळणे, मळणे, वळणे, वाळवणे. आमच्या या उदाहरणात तिथून 'चिमूट' निघतं. मसाला चिमटीनं पडतो, काडीही चिमटीतच धरतात. शब्द रोजचा आहे, सगळ्यांना येतो आणि उदबत्तीच्या पुड्यावर सहसा दिसत नाही. दुसरा उमेदवार 'विस्तव'. ऐकायला भारदस्त, पण त्याचं पुढे बघू.

जुन्या घराचे शब्द, ओसरी, माजघर, परस वगैरे, हेही या टप्प्यावर हमखास सुचतात. माझं मत विचाराल तर जपून. घरगुती आठवणीवर चालणाऱ्या नावांची इतकी रांग लागली आहे की थोड्याच दिवसांत तीही 'दिव्य'च्या पंगतीला बसतील. धूर खरंच उघड्यावर लावायच्या मापाचा असेल आणि म्हणून 'ओसरी' म्हटलं असेल, तर ठीक. नुसती हळवी आठवण म्हणून असेल तर सोडा.

चाळण

आता खरी मेहनत. एकेक नाव घेऊन त्याचा दुसरा अर्थ शोधायचा. मराठीत साधे शब्द फार कामं करतात, त्यामुळे इथे बरेच उमेदवार गळतात.

'मूळ' वाळ्याला नेमकं बसतं, कारण वाळा म्हणजे मूळच. पण ऐकणाऱ्याला मूळव्याध आठवते आणि मूळ नक्षत्रही. पूजेच्या आसपास वापरल्या जाणाऱ्या वस्तूला तर हे नकोच. 'बांध' म्हटलं की शेजाऱ्याशी बांधावरून चाललेला तंटा. 'ओल' हा शब्द वासाला सगळ्यात जवळचा आहे, तरी तो गेला, कारण 'ओलची उदबत्ती' आणि 'ओली उदबत्ती' यांत ऐकताना फारसं अंतर नाही. मसाला बत्ती आधीच हाताला मऊसर लागते. त्यात नावच ओलीचं असेल, तर काडी सादळली अशी तक्रार तुम्ही स्वतःच छापून दिलीत. उरला 'काठ'. नदीचाही आणि लुगड्याचाही, दोन्ही बरे. वाळ्याला तो मिळाला.

'विस्तव' इथेच पडला. दोघांत विस्तव जात नाही म्हणजे टोकाचं वैर, आणि हा वाक्प्रचार शब्दापेक्षा जास्त ऐकू येतो. 'गाठ' अवघड, त्यात दुखणं आहे. 'शेंडा'ला 'ना बुडखा' लगेच चिकटतो. 'तुरा'ला मात्र शिरपेचातला मानाचा तुरा चिकटतो, म्हणून दवणा 'तुरा' झाला. 'पाझर'ला काही वावगं चिकटत नाही. 'रेंगाळ' आणि 'लव्हाळी' यांत मी लव्हाळी घेईन. रेंगाळ हे वासाचं वर्णन म्हणून अचूक आहे, पण ती आज्ञाही वाटते आणि आळसाचा आरोपही. शिवाय बाकीची तीन नावं वस्तूंची असताना एकच क्रियेचं नाव उपऱ्यासारखं दिसतं. 'चिमूट'वर एक आक्षेप राहतो: चिमूटभर म्हणजे थोडकं, मग पुड्यात काड्या कमी असतील असं वाटेल का? वाटू शकतं. म्हणून काड्यांची संख्या किंवा वजन पुड्याच्या दर्शनी बाजूलाच ठळक द्यायचं, मागे बारीक अक्षरात नाही.

दुसरी चाळण बोलण्याची. 'एक काठ द्या', 'पाझर आहे का', 'तुराचे दोन पुडे' अशी वाक्यं मोठ्यानं म्हणा. फोनवर एखाद्याला नाव सांगा आणि त्यानं काय लिहून घेतलं ते बघा. एकदा सांगून बरोबर लिहिलं गेलं नाही, तर नाव वाईट असं नाही, पण त्याला पुढे आधार द्यावा लागणार हे समजून ठेवा.

तिसरी चाळण रोमन अक्षरांची. ऑनलाइन शोधताना लोक बहुधा रोमनमध्येच टाइप करतात. काठ लिहायला गेलं की Kath किंवा Kaath होतं आणि वाचणारा त्याचा काथही करतो. पाझर कुणी Pazar लिहील, कुणी Pajhar. Chimut आणि Chimoot दोन्ही संभवतात. लव्हाळी तर परभाषकाला अडतेच. म्हणून एक स्पेलिंग आत्ताच ठरवा, ते पुड्यावर देवनागरी नावाखाली छापा आणि सगळीकडे तेच ठेवा. मुख्य नावाचं वेबपत्त्यासाठी दुसरं स्पेलिंगही मिळत असेल तर घेऊन ठेवा.

चौथी चाळण दोन मिनिटांची: उदबत्तीचा पुडा अरुंद असतो, तेव्हा नाव प्रत्यक्ष मापात छापून हातभर अंतरावरून वाचा. जोडाक्षरं बारीक टायपात गिचमिडतात. आपल्या चारांत तशी फक्त 'लव्हाळी' आहे, ती जरा मोकळ्या टायपात चालते.

नोंदणीआधीची तपासणी

ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उदबत्ती 3 क्रमांकाच्या वर्गात येते. याच वर्गात साबण, अत्तरं, सुगंधी तेलं आणि सौंदर्यप्रसाधनंही आहेत. त्यामुळे 'पाझर' नावाची उदबत्ती नाही एवढं पाहून थांबू नका. त्या नावाचा साबण असला तरी तो आड येऊ शकतो. शोधताना तंतोतंत शब्द पुरत नाही, कानाला सारखे वाटणारेही बघावे लागतात, आणि वर लिहिलेली सगळी स्पेलिंगं एकेक करून टाकावी लागतात. पुढे सुगंधी मेणबत्त्या काढायचा विचार असेल तर त्यांचा वर्ग 4 आहे, तोही आत्ताच बघून घ्या. आणि 'डास पळवते' असं लिहायचा मोह झाला तर जपून. कीटक पळवणाऱ्या धुपाचा वर्ग 5 आहे आणि तो दावा तुम्हाला वेगळ्याच नियमांत नेऊन टाकतो.

'दिव्य' आणि 'शुद्ध' यांवरचा सगळ्यात व्यावहारिक आक्षेप इथे कळतो. मालाचं नुसतं वर्णन किंवा कौतुक करणारा शब्द एकट्या कुणाच्या मालकीचा करून देणं कुठल्याही नोंदणी कार्यालयाला जड जातं, कारण तो सगळ्यांना लागतो. 'शुद्ध चंदन' हे नाव तुम्ही वर्षानुवर्षं वापरलंत तरी शेजाऱ्याला तेच वापरण्यापासून अडवणं कठीण. 'चिमूट'चा उदबत्तीशी थेट संबंध नाही, म्हणून त्याचं रक्षण जास्त सोपं. देवादिकांची नावंही 'शुद्ध'सारखीच अडचणीची. ती आधीच शेकडोंनी घेतलेली असतात, कुणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न वेगळा, आणि रिकामा पुडा कचऱ्यात टाकताना गिऱ्हाईकाचाही जीव अडतो. अर्ज करण्यापूर्वी एखाद्या जाणकार वकिलाकडून शोध करून घ्या. घरी केलेली तपासणी फक्त उघड अडथळे दाखवते.

घटकाचं नाव खाली, साध्या शब्दांत

'काठ' एवढंच छापलं तर कुणाला काही कळणार नाही. म्हणून तीन ओळी ठरवून टाका. वर लहान अक्षरात मालिका, मध्ये मोठ्यानं काडीचं नाव, खाली घटक आणि वास. आपल्या उदाहरणात असं:

चिमूट
काठ
वाळ्याच्या मुळांची मसाला बत्ती. ओल्या मातीचा, खाली बसणारा वास.

आणि दुसरीसाठी:

चिमूट
पाझर
राळ आणि गुग्गुळ. धूर दाट, खिडकी उघडी ठेवा.

ती खिडकीची ओळ काढून टाकावी असं कुणीतरी नक्की सुचवेल, कारण ती विक्रीच्या विरोधात वाटते. राहू द्या. 'शुद्ध' या शब्दाला जे सांगायचं होतं ते ही ओळ जास्त चांगलं सांगते: पुड्यावर लिहिणाऱ्यानं काडी लावून पाहिली आहे. दुसरं, धूर नैसर्गिक घटकांचा असला तरी धूरच असतो. बंद खोलीत तो छातीला बाधू शकतो. म्हणून 'आरोग्यदायी', 'हवा शुद्ध करणारी', 'रसायनमुक्त' हे शब्द खालच्या ओळीतही नकोत. शेवटचा तर निरर्थकच आहे, कारण वाळ्याच्या तेलातही रसायनंच असतात. त्याऐवजी जे खरोखर वापरलं नाही ते नाव घेऊन लिहा: 'कोळशाची भुकटी नाही', 'वरून सुगंध मारलेला नाही'. अर्थात हे खरं असेल तरच, आणि तयार काड्या बाहेरून घेत असाल तर पुरवठादाराकडून लेखी घेतल्यावरच.

घटकाच्या ओळीला एक मर्यादा आहे. पिठात नागरमोथा भरपूर आणि वाळा नावापुरता असेल, तर खाली 'वाळा' लिहू नका. जो घटक लिहाल तो पेटलेल्या काडीत ओळखू आला पाहिजे. ही तपासणी त्याच बाहेरच्या माणसांकडून करून घ्या: चार काड्या बिननावाच्या द्या, चार पुड्यांचे मजकूर द्या आणि जोड्या लावायला सांगा. काठ आणि लव्हाळी यांत घोळ होईल अशी माझी अटकळ आहे, दोन्ही मातकट आहेत. तसा झाला तर आधी नावं बदलू नका, खालची ओळ बदला. लव्हाळीला 'दुसऱ्या दिवशीही खोलीत राहणारा वास' असं लिहिलं की फरक कळतो. तरीही घोळ राहिला तर दोष नावात नाही, मिश्रणात आहे, आणि दोघांपैकी एक काडी मालिकेतून काढायला हवी.

घटक खालच्या ओळीत ठेवण्याचा फायदा पुढे दिसतो. एखाद्या हंगामात वाळा मिळाला नाही आणि मिश्रण बदलावं लागलं, तर खालची ओळ बदलून 'काठ' तसाच चालवता येतो. मोठ्या अक्षरात 'वाळा' छापलं असतं तर पुडाच रद्द करावा लागला असता. हा बदल गुपचूप मात्र करू नका. नेहमीचं गिऱ्हाईक पहिल्याच काडीत ओळखतं.

छापून झाल्यावर

पहिली छपाई थोडी ठेवा, साध्या पुड्यावर लेबल चिकटवून चालतं. मग दुकानदाराला महिनाभरानं एवढंच विचारा: लोक ती मागतात कशी? 'काठ द्या' म्हणत असतील तर नाव लागलं. 'ती वाळ्याची द्या' म्हणत असतील तरी हरकत नाही, खालची ओळ काम करतेय आणि वरचं नाव अजून रुजायचंय. तसं असेल तर पुढच्या छपाईत काडीचं नाव मोठं आणि घटकाची ओळ एक माप लहान करा. 'ती हिरव्या पुडीतली' असं म्हणत असतील तर मात्र नाव कुणी वाचलेलंच नाही. तेव्हा आधी अक्षरांचं माप आणि जागा बदला, मग पुन्हा महिनाभर थांबा. एवढं करूनही हिरवी पुडीच राहिली, तर चाळणीतला दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार बाहेर काढा. म्हणूनच ती टिपणं फेकायची नसतात.